‘प्लीज चेक’ म्हणजे नेमकं काय तपासायचं?

*ताई, नमस्कार. मी ३० वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं. आता नात्यातली मुलं वहीच्या पानाचा फोटो पाठवतात आणि खाली एवढंच लिहितात, ‘प्लीज चेक’. परवा नववीतल्या भाच्याचा निबंध आला. मी ३१ चुका काढल्या आणि फोटोवर लाल गोल करून पाठवल्या. त्याचं उत्तर आलं, ‘ओके. पण कसा आहे?’ मागोमाग बहिणीचा फोन, ‘दहापैकी किती देशील?’ मला दोघांनाही काही सांगता आलं नाही. अशा वेळी शुद्धलेखन बघायचं, आशय बघायचा की गुण द्यायचे? फोटो सोबत जोडला आहे.*
*– एक मावशी*

नमस्कार.

तुम्ही फोटो जोडलात हे फार बरं केलंत. तुमचे लाल गोल बाजूला ठेवून मी आधी ते पान नुसतंच पाहिलं, वाचलं नाही. असा फोटो आला की मी पहिला अर्धा मिनिट त्यातच घालवते, कारण ‘प्लीज चेक’ या दोन शब्दांत जे नसतं, ते बरेचदा पानावर दिसतं.

तुमच्या भाच्याच्या पानावर मला हे दिसलं. वर शीर्षक आहे, ‘एका पडक्या विहिरीचे मनोगत’, आणि त्यात ‘विहिरीचे’ बिनचूक आहे. खाली मात्र त्यानं तीनदा ‘विहीरीत’ लिहिलंय. म्हणजे शीर्षक त्यानं कुठून तरी उतरवून घेतलंय. विषय दिलेला आहे, त्यानं निवडलेला नाही. समासात प्रश्नक्रमांक नाही, कंसात गुण नाहीत, तेव्हा ही उत्तरपत्रिका नव्हे. कोणाची लाल शाईही नाही, म्हणजे शिक्षकांनी हे पान अजून पाहिलेलं नाही. तिसऱ्या परिच्छेदात दोन ओळी खोडल्या आहेत आणि एक वाक्य बाण काढून वर नेलंय. शिक्षकांना द्यायच्या पानावर मुलं सहसा बाण काढत नाहीत. शेवटच्या वाक्याला पूर्णविराम आहे आणि त्याखाली ४ ओळी कोऱ्या आहेत, म्हणजे निबंध अर्धवट नाही.

एवढ्यावरून मी म्हणेन की हा कच्चा निबंध आहे. यावरून पक्कं पान उतरवायचं बाकी आहे, आणि त्यानं तो तुमच्याकडे नेमका त्या मधल्या वेळात पाठवलाय. त्याचा ‘पण कसा आहे?’ हा प्रश्न याच्याशी अगदी जुळतो.

काय तपासायचं, हे माझ्या लेखी एकाच गोष्टीवर ठरतं: हे पान आता पुढे कुठे जाणार? पान पुन्हा लिहिलं जाणार असेल तर आधी आशय. जे वाक्य पक्क्या प्रतीत राहणारच नाही, त्यातली वेलांटी सुधारण्यात दोघांचीही मेहनत वाया जाते. पान आहे तसंच सकाळी द्यायचं असेल, तर आशयावर बोलून मुलाला रात्री रडकुंडीला आणण्यात अर्थ नाही. जिथल्या तिथे दुरुस्त होईल तेवढंच सांगावं, म्हणजे चार-पाच शब्द आणि फार तर एखादं वाक्य. पान तपासून, गुण पडून परत आलं असेल, तर पाठवणाऱ्याला बहुधा ‘इतकेच का?’ हे समजून घ्यायचं असतं. तेव्हा शिक्षकांनी कशाला गुण दिलेत आणि कशाला कापलेत, एवढंच पाहावं. गुण देण्याची वेळ खरं तर एकाच ठिकाणी येते, सराव परीक्षेचं पान असेल आणि प्रश्न, एकूण गुण व ते कशाला किती हे तिन्ही तुमच्यापुढे असेल तेव्हा.

तुम्ही म्हणाल, मग विचारूनच घ्यावं. जरूर विचारा, पण ‘शुद्धलेखन बघू, आशय बघू की गुण देऊ?’ असं विचारू नका. मी पुष्कळ वर्षं तसंच विचारायचे आणि दहातली नऊ मुलं एकच उत्तर द्यायची, ‘सगळंच’. त्यांची चूक नाही. या तिन्हींत फरक काय, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी ज्याचं उत्तर त्यांना नक्की ठाऊक आहे असं विचारावं: ‘हे पुन्हा लिहिणार आहेस की असंच देणार? कधी द्यायचंय? आणि कुठल्या भागाशी अडलास?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलंच तर ते सोन्यासारखं असतं. ‘शेवट जमत नाहीये’ एवढं कळलं की अर्धं काम झालं.

उत्तर आलंच नाही तर? तसं होतंच, मुलं फोटो टाकून खेळायला जातात. मग पानावरच्या खुणांवरून अंदाज बांधा, आशयाची एक गोष्ट आणि लेखनाची एक सवय सांगा, गुण देऊ नका, आणि आपण काय पाहिलं नाही तेही लिहा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. ज्यावर खूण नाही ते बरोबरच आहे, असं मूल धरून चालतं. तुम्ही फक्त शुद्धलेखन पाहिलंत आणि तसं सांगितलं नाहीत, तर निबंधाची रचना ठीक आहे असाच निरोप तिकडे पोचतो. तुमच्या भाच्याला हेच खटकलं असावं. ३१ गोल पाहूनही त्यानं ‘पण’ म्हणून विचारलं, यावरून त्याला स्वतःलाच कुठेतरी शंका आहे असं मला वाटतं.

आता निबंधाकडे येते, कारण शंका घ्यायला खरंच जागा आहे.

निबंधात चार परिच्छेद आहेत. पहिल्यात विहीर स्वतःची ओळख करून देते. ‘मी एक विहिर आहे. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे.’ ही सुरुवात शेकडो मनोगतांत असते, तिच्याकडे मी फार लक्ष देत नाही. दुसऱ्या परिच्छेदात तो लिहितो, ‘दोर ओढून ओढून माझ्या काठाला खाचा पडल्या. आता दोर नाही, खाचा आहेत.’ मी इथे थांबले. नववीतल्या मुलानं हे नुसत्या कल्पनेनं लिहिलेलं नाही, त्यानं अशी विहीर पाहिली आहे आणि तिच्या काठावरून हात फिरवला आहे. सबंध निबंधातलं हे सर्वांत चांगलं वाक्य. तुमच्या फोटोत त्याच ओळीच्या शेजारच्या ‘खुप’ला लाल गोल आहे, वाक्याला मात्र काहीच खूण नाही. हे मी टोचायला सांगत नाहीये. मुद्रितशोधकाची नजर अशीच घडलेली असते. छापखान्यात मजकूर दुसऱ्याचा असतो, त्यातल्या आशयाला हात लावायचा नाही हीच तुमच्या कामाची शिस्त होती. इथे ती शिस्त आड येतेय, एवढंच.

तिसऱ्या परिच्छेदात घोटाळा होतो. तो लिहितो, ‘गावात नळ आले आणी लोक मला विसरले. ते माझ्यात कचरा टाकतात. आपण पाणी वाचवले पाहिजे. पाण्याचा प्रत्येक थेंब महत्त्वाचा आहे.’ पहिली दोन वाक्यं विहिरीची आहेत. तिसऱ्या वाक्यात ‘आपण’ आलं आणि विहीर गेली, तिच्या जागी फलकावरची सूचना आली. चौथा परिच्छेद तर सगळाच पाणी वाचवण्यावर आहे. त्यात विहिरीचं नावही नाही, आणि शेवट ‘पाणी म्हणजे जीवन’ या वाक्यानं. पान झाकून फक्त चौथा परिच्छेद कोणाला वाचायला दिला, तर हे मनोगत आहे असं तो ओळखणार नाही. आत्मवृत्त किंवा मनोगत तपासताना मी नेहमी ही परीक्षा घेते. कुठलाही परिच्छेद सुटा काढावा आणि विचारावं, हे कोण बोलतंय? उत्तर येत नसेल तर बोलणारा तिथे हरवलाय.

त्या दोन खोडलेल्या ओळीही मी फोटो मोठा करून वाचल्या. त्यात आहे, ‘एकदा एक मुलगी वाकून माझ्यात बघत होती आणि तिने हाक मारली. मी तिला तिचीच हाक परत दिली.’ त्यानं हे खोडलं आणि त्याजागी पाणी वाचवण्याचं वाक्य बाणानं वर नेलं! मला फार वाईट वाटलं. निबंधात उपदेश हवा, असं त्याला कोणीतरी सांगितलं असणार, किंवा त्यानंच तसा समज करून घेतला असणार. कच्च्या पानाचा फोटो आला की खोडलेल्या ओळी जरूर वाचाव्यात असं मी म्हणते ते यासाठीच. मूल कुठे घाबरलं, हे तिथे कळतं.

म्हणून आशयाबद्दल त्याला सांगायची गोष्ट एकच: तिसऱ्या परिच्छेदातल्या ‘आपण’पासून विहीर बोलायची थांबली आहे, तिला शेवटपर्यंत बोलू दे. पाणी वाचवा हे विहिरीलाही वाटत असेल, पण ती ते तिच्या तोंडानं कसं सांगेल? ‘माझा तळ दिसायला लागला तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही’, असं काहीसं ती म्हणेल. हे वाक्य मात्र तुम्ही त्याला देऊ नका, त्यालाच शोधू द्या. तुम्ही दिलंत तर तो ते तसंच उतरवील आणि निबंधात एक वाक्य मावशीचं होईल. शाळेत देण्याच्या लेखनात मदतीची सीमा मी इथेच आखते. अडचण दाखवावी, वाक्य लिहून देऊ नये.

आता तुमच्या ३१ गोलांबद्दल. मी ते एकेक मोजले आणि गटांत लावून पाहिले. सबंध पानात ‘विहिर’ ७ वेळा, ‘खुप’ ५ वेळा आणि ‘फुल’ २ वेळा आहे, असे १४ गोल. या तिन्हींत शेवटचं अक्षर अकारान्त आहे, म्हणून त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ हवा: विहीर, खूप, फूल. मग ‘विहीरीत’ ३ वेळा, ‘गरीबांना’ आणि ‘फूलांची’ एकेकदा, असे आणखी ५. इथे उलटं झालंय. प्रत्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं आणि तो दीर्घ स्वर ह्रस्व होतो: विहिरीत, गरिबांना, फुलांची. म्हणजे ३१ पैकी १९ गोल एकाच सवयीचे आहेत. जिथे दीर्घ हवं तिथे तो ह्रस्व लिहितो आणि जिथे ह्रस्व हवं तिथे दीर्घ. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे १८ नियम तुमच्या बोटांवर असतील. पण त्याला नियमाचा क्रमांक नकोय. त्याला ‘विहीर–विहिरीत, फूल–फुलांची, गरीब–गरिबांना’ या तीन जोड्या एकाखाली एक लिहून द्या आणि जोडीत काय बदललं ते त्याला शोधायला सांगा. ‘मूल’ची जोडी तो स्वतः करू शकला, तर त्याला समजलं. तत्सम शब्द या बदलाला अपवाद असतात, ‘शरीर–शरीरात’ तसंच राहतं. पण ते आज सांगू नका, जमलेली जोडी विस्कटेल.

उरलेल्यांत ‘कि’ दोनदा आणि ‘आणी’ दोनदा, म्हणजे ४. शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘की’, आणि ‘आणि’ हा त्याला अपवाद. हे एका ओळीत सांगून होतं. ‘आशिर्वाद’ आणि ‘उध्वस्त’ हे सुटे शब्द, ‘आशीर्वाद’ आणि ‘उद्ध्वस्त’ असे पाठच करायचे. अशा सुट्या चुकांना नियम लावत बसू नये.

राहिले ६ गोल, सगळे अनुस्वाराचे: ‘लोकानी’, ‘बायकाच्या’, ‘मुलाना’ वगैरे. इथे मी तुम्हाला थोडं अडवते. फोटो पुन्हा पाहा. उजव्या वरच्या कोपऱ्यावर सावली पडली आहे, बहुधा फोन धरलेल्या हाताचीच. त्या ६ पैकी ४ शब्द सावलीत आहेत. खालच्या उजेडातल्या भागात त्यानं ‘लोकांनी’ आणि ‘त्यांच्या’ नीट लिहिलंय. मग वरच्या ओळींतच तो अनुस्वार विसरेल का? मला तसं वाटत नाही. निरोपाच्या ॲपमधून फोटो जाताना तो आकुंचित होतो आणि सर्वांत आधी हरवतो तो अनुस्वाराचा टिंब, कारण पानावरचं ते सर्वांत लहान चिन्ह. उलटही घडतं. कागदावरचा डाग किंवा पाठच्या पानाची उमटलेली शाई अनुस्वारासारखी दिसते. ह्रस्व आणि दीर्घ वेलांटीचंही तसंच, पान तिरकं धरलं तर कडेच्या ओळींत ती कुठल्या बाजूला वळली आहे हेच कळत नाही. छापील प्रुफावर तुम्हाला ही अडचण कधी आली नसेल.

म्हणून फोटोवरून तपासताना मी दोन भेद करते. जी चूक पानाच्या स्वच्छ भागात निदान दोनदा दिसते, ती चूक धरते. जी फक्त अंधूक भागात दिसते, तिच्यावर गोल करत नाही, प्रश्नचिन्ह काढते आणि मुलालाच वही बघायला सांगते. न केलेली चूक दाखवली गेली की मूल बाकीच्या खुणांवरचाही विश्वास सोडतं. पुढच्या वेळी त्याला सांगा, पान खिडकीपाशी सपाट ठेव, फोन बरोबर वर धर, चारही कडा येऊ देत, आणि फोटो म्हणून न पाठवता फाईल म्हणून पाठव. फाईल म्हणून पाठवला की तो आकुंचित होत नाही.

तुम्ही ‘वाटलं’ आणि ‘सांगितलं’ या शब्दांपाशीही बारीक पेन्सिलीसारखी खूण केली आहे, पण ३१ मध्ये ती धरलेली नाही. तुमची शंका रास्त आहे. एरवी औपचारिक लेखनात ‘वाटले’, ‘सांगितले’ लिहायला सांगतात. पण इथे सगळा निबंधच एका पात्राच्या तोंडचा आहे आणि बोलणाऱ्याच्या तोंडी ‘वाटलं’ चालतं. अडचण निराळीच आहे. त्याची विहीर पहिल्या दोन परिच्छेदांत ‘वाटलं’ म्हणते आणि तिसऱ्यापासून ‘वाचवले पाहिजे’ म्हणते. क्रियापदाचं रूप नेमकं तिथे बदललंय जिथे विहीर गप्प झाली. आशयातली चूक आणि लेखनातली चूक अशी एकाच जागी सापडली की ती अवश्य दाखवावी. एकाच खुणेत दोन्ही कळतात.

आता तुमच्या बहिणीचा प्रश्न, दहापैकी किती. माझं उत्तर आहे की सांगू नका, आणि का सांगत नाही ते तिला मोकळेपणानं सांगा.

पहिलं कारण म्हणजे ते सांगण्याजोगी माहिती तुमच्याकडे नाही. हा निबंध १० गुणांचा होता हे बहिणीनं म्हटलंय, पानावर कुठे नाही. त्यात रचनेला किती, भाषेला किती, हे त्याच्या शिक्षकांनी ठरवलेलं असणार. ते माहीत नसताना दिलेला आकडा हा तुमच्या आवडीचा आकडा असतो. हे फक्त तुमचं-माझं नाही. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघा अमेरिकन संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांना तपासायला दिल्या होत्या. एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी काहींनी ९० च्या वर गुण दिले, काहींनी ७० च्याही खाली. सगळे रोज पेपर तपासणारे शिक्षक होते. तुम्ही ३१ चुका काढून झाल्यावर आकडा सांगितला असता तर तो नक्कीच कमी आला असता. मी खाचांचं वाक्य वाचून सांगितला असता तर जास्त आला असता. निबंध तोच.

दुसरं कारण मला अधिक जवळचं आहे. रूथ बटलर यांचा १९८८ चा एक अभ्यास आहे, इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा. काही मुलांना कामावर फक्त लेखी शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात शेरा मिळालेली मुलं सुधारली. ज्यांना गुणांबरोबर शेराही मिळाला, त्यांना त्या शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की शेरा वाचलाच जात नाही. मी हे स्वतः पाहिलंय. पूर्वी ओळखीतल्या एका मुलीनं असाच कच्चा निबंध पाठवला होता. मी मनापासून दोन परिच्छेद लिहून काय बदलावं ते सांगितलं आणि सवयीनं शेवटी लिहिलं, १० पैकी ६. तिनं निबंध पुन्हा लिहिलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘सहाच होता ना, मग दुसरा विषय घेतला.’ तो निबंध सुधारण्याजोगा होता, म्हणूनच मी दोन परिच्छेद लिहिले होते. कच्च्या पानावर आकडा टाकण्याची ती चूक मला अजून खुपते.

बहिणीला सांगा, पक्का निबंध झाल्यावर शाळेनं गुणांची वाटणी दिली असेल तर ती पाठव, मग मी पाहीन. तेव्हासुद्धा एक आकडा देऊ नका, ‘६ ते ७ च्या मध्ये’ असं सांगा, आणि शुद्धलेखनाच्या खुणा करण्याआधी ठरवा. एकदा पान लाल झालं की डोळ्याला दुसरं काही दिसत नाही.

नात्यातली मुलं उत्तरपत्रिकाही पाठवत असतील, म्हणून थोडं त्याबद्दल. तिथे काम सोपं आहे, पण प्रश्न फोटोत असेल तरच. समजा, पानावर आहे, ‘कारणे द्या: लोखंडी खिळा गंजतो.’ उत्तर आहे, ‘कारण त्याला पाणी लागते.’ शुद्धलेखन स्वच्छ, वाक्य पूर्ण, तरी उत्तर अर्धं, कारण गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही लागतात. दुसऱ्या मुलानं लिहिलं, ‘ऑक्सीजन व पाणि यामुळे’, तर दोन चुका असूनही उत्तर पूर्ण आहे. अशा पानावर आधी मुद्दे जुळवा आणि ‘मुद्दा आला’, ‘हा मुद्दा राहिला’ असं लिहा. वेलांटीकडे सर्वांत शेवटी बघा. प्रश्न फोटोत नसेल तर तपासूच नका, तो मागवा. आणि पान परीक्षा चालू असतानाच पाठवलंय असा संशय आला, तर ‘परीक्षा झाल्यावर बघते’ म्हणून थांबा.

आता भाच्याला काय लिहायचं ते. ३१ गोल गेले आहेत, ते परत घेता येणार नाहीत, पण त्यांचं वजन कमी करता येईल. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

‘तू विचारलंस कसा आहे. काठाच्या खाचांचं वाक्य मी तीनदा वाचलं, ते अजिबात बदलू नकोस. तिसऱ्या परिच्छेदात “आपण” आल्यापासून विहीर बोलायची थांबली आहे असं मला वाटतं. तिथून पुढचं तिच्या तोंडून लिहून बघ. हाक मारणाऱ्या मुलीच्या ओळी का खोडल्यास? लाल गोल खूप दिसतात, पण त्यातले १९ एकाच सवयीचे आहेत: विहीर–विहिरीत, फूल–फुलांची, गरीब–गरिबांना. यात काय बदलतं ते मला तू सांग. अनुस्वाराच्या ४ खुणा फोटोतल्या सावलीमुळे असतील, वहीत बघून घे. बाकीचे गोल पक्क्या प्रतीच्या वेळी बघू. गुण मी दिलेले नाहीत. कधी द्यायचाय निबंध?’

शेवटचा प्रश्न विसरू नका. उद्या सकाळीच द्यायचा असेल तर आशयातलं फक्त एक करायला सांगा: चौथा परिच्छेद गाळायचा आणि त्याजागी त्या खोडलेल्या दोन ओळी परत घ्यायच्या. तेवढं त्याचं अर्ध्या तासात होईल, आणि निबंध विहिरीच्या आवाजात संपेल.